गणपतीत व्ह्यूज वाढले म्हणजे व्हिडिओ भारी झाला का? सणाचा वाटा आकड्यातून बाजूला कसा काढायचा

दरवर्षी गणपती झाले की रेसिपी चॅनलवाल्यांचं एकच सुरू होतं. मोदकाचा व्हिडिओ चालला म्हणजे नवीन थंबनेल चाललं, नवीन एडिटिंग चाललं, आता सगळे व्हिडिओ असेच करायचे. आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेच थंबनेल, तेच एडिटिंग, आणि व्ह्यूज परत होते तिथेच. चतुर्थीच्या आदल्या दिवशी अख्खा महाराष्ट्र उकड कशी काढायची ते शोधत असतो, त्या दिवशी बरा-वाईट कुठलाही मोदकाचा व्हिडिओ वर जातो, त्यामुळे त्या आकड्यात तुमच्या कामाचा वाटा किती आणि बाप्पाचा किती हे वेगळं काढल्याशिवाय काहीच ठरवता येत नाही.

खाली यूट्यूबवरच्या उकडीच्या मोदकाच्या व्हिडिओचं उदाहरण घेतलंय, कारण त्यात सगळ्या अडचणी एकदम दिसतात. व्ह्यूजचे आणि सीटीआरचे, म्हणजे थंबनेल दिसल्यावर किती टक्के वेळा क्लिक झालं त्याचे, आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत, तारखा मात्र खऱ्या; यंदा म्हणजे 2025, गेल्या वर्षी म्हणजे 2024. दिवाळीचा फराळ, संक्रांतीचे तिळगूळ, सगळ्याला हीच पद्धत चालते.

## तयारी: आकडे उघडण्याआधी हे जमवा

एक शीट घ्या. त्यात यंदाचा आणि गेल्या वर्षीचा रोजचा डेटा हवा, सणाच्या साधारण सहा आठवडे आधीपासून सहा आठवडे नंतरपर्यंत. यूट्यूब स्टुडिओत `Analytics` मध्ये जाऊन `Advanced mode` उघडलं की व्हिडिओप्रमाणे आणि ट्रॅफिक सोर्सप्रमाणे रोजचे आकडे डाऊनलोड होतात. नुसता चॅनलचा एकूण आकडा घेऊन बसू नका, त्यातून पुढचं काहीच निघत नाही.

मग एका कोपऱ्यात तीन गोष्टी लिहून ठेवा: नवीन व्हिडिओ कुठल्या तारखेला टाकला, गेल्या वर्षीचा कुठल्या तारखेला टाकला होता, आणि मधल्या काळात कुठल्या जुन्या व्हिडिओचं टायटल किंवा थंबनेल बदललं का. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात आणि स्टेप 3 मध्ये अडकतात.

सावधान: यूट्यूबचा दिवस आपल्या मध्यरात्री सुरू होत नाही. स्टुडिओतला दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने मोजला जातो, म्हणजे गणपतीच्या दिवसांत तो आपल्याकडे दुपारी साडेबाराला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेबाराला संपतो. चतुर्थीला सकाळी सात वाजता हातात पीठ आणि समोर मोबाइल घेऊन बसलेल्या सगळ्या आयाबाया स्टुडिओत आदल्या दिवसात मोजल्या जातात. म्हणून 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला असून सगळ्यात मोठा आकडा 26 ऑगस्टच्या रांगेत दिसला तर घाबरू नका. दोन गणपतींची एकमेकांशी तुलना करताना फरक पडत नाही कारण दोन्हीकडे सारखंच सरकलेलं असतं, पण इन्स्टाच्या किंवा व्हॉट्सअ‍ॅप चॅनलच्या रोजच्या आकड्याशी ते शेजारी ठेवायला गेलात की गोंधळ होणारच. (फराळवाल्यांसाठी: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात आणि दिवस दीड वाजता सुरू होतो. 2024 चं लक्ष्मीपूजन त्या बदलाच्या आधी होतं, 2023 चं, म्हणजे 12 नोव्हेंबरचं, नंतर.)

## स्टेप 1: तारीख सोडा, तिथी धरा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. "ऑगस्ट 2025 ला ऑगस्ट 2024 पेक्षा तिप्पट व्ह्यूज" असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा, चतुर्थी कधी होती? 2024 मध्ये 7 सप्टेंबरला, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. म्हणजे गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गणपतीच नव्हते, आणि यंदाच्या ऑगस्टमध्ये आदल्या दिवसाची अख्खी धावपळ आली. तिप्पट होणारच, त्यात व्हिडिओचा काय संबंध. उलट याच हिशोबाने सप्टेंबर घसरलेला दिसतो आणि लोक "अल्गोरिदम बदलला" म्हणून रडत बसतात. 2023 मध्ये तर अधिक श्रावण होता, चतुर्थी गेली 19 सप्टेंबरला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, ती 14 सप्टेंबरला. त्यामुळे महिन्याला महिना लावून तुलना करायची सवयच सोडा.

करायचं असं की प्रत्येक रांगेच्या तारखेपुढे चतुर्थीपासूनचं अंतर टाकायचं. A कॉलममध्ये तारीख असेल तर:

```
=A2-DATE(2025,8,27)
```

गेल्या वर्षीच्या शीटमध्ये `DATE(2024,9,7)`. आता उणे 3 म्हणजे दोन्ही वर्षी चतुर्थीच्या तीन दिवस आधी, आणि 0 म्हणजे चतुर्थी. इथून पुढे फक्त हाच कॉलम बघायचा, तारखेचा कॉलम लपवून टाकला तरी चालेल.

तपासा: दोन्ही वर्षांचा आलेख याच कॉलमवर काढा. दोन्ही शिखरं एकाच जागी यायला हवीत, उणे 1 वर. एक इकडे एक तिकडे आलं तर तारीख टाकताना काहीतरी चुकलंय, तिथेच थांबा आणि दुरुस्त करा.

वार मात्र यातून सुटत नाही. 2024 ची चतुर्थी शनिवारी होती, 2025 ची बुधवारी. शनिवारी चतुर्थी असली की शुक्रवारी ऑफिस उरकून रात्री लोक व्हिडिओ बघतात, बुधवारी असली की तयारी आदल्या रविवारीच सुरू होते. म्हणून एकेका दिवसाची तुलना करत बसू नका, निदान चार दिवसांचा गट घ्या.

## स्टेप 2: "एरवी किती" हे ठरवा, पण जपून

सणात किती पट वाढलं हे सांगायला एरवीचा आकडा लागतो. लोक काय करतात, सणाच्या लगेच आधीचे दोन-तीन आठवडे घेतात. मोदकाच्या बाबतीत हे सपशेल चुकतं, कारण दर महिन्याला संकष्टी असते आणि त्या दिवशी मोदकाच्या व्हिडिओला छोटा उंचवटा येतोच. 2025 मध्ये तर 12 ऑगस्टला अंगारकी होती, चतुर्थीच्या बरोबर पंधरा दिवस आधी. तो आठवडा "नॉर्मल" धरलात तर एरवीचा आकडा फुगतो आणि सणाची वाढ कमी दिसते. 2024 मध्ये त्या वेळची संकष्टी साधी होती, 22 ऑगस्टला, म्हणजे दोन वर्षांचा पाया पण सारखा नाही.

बरं, सणानंतरचे दिवस घ्यावेत तर अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष लागतो. गोडाधोडाचं नवीन काही करायच्या मूडमध्ये फार कोणी नसतं, आकडे एरवीपेक्षाही खाली जातात, आणि मग लगेच नवरात्र, म्हणजे सगळे उपवासाच्या पदार्थांकडे. त्यामुळे नंतरचा पाया घेतला तर सणाची वाढ उगाच प्रचंड दिसते.

त्यातल्या त्यात बरं काय, तर चतुर्थीच्या सहा ते तीन आठवडे आधीचे दिवस घ्या, संकष्टीचा दिवस आणि तिच्या आदला दिवस काढून टाका, आणि सरासरीऐवजी मध्यक घ्या, म्हणजे `=MEDIAN(...)`. एखादा दिवस कोणीतरी मोठ्या ग्रुपवर लिंक टाकल्याने उडालेला असला तरी मध्यक त्याने हलत नाही.

## स्टेप 3: जुन्या व्हिडिओंकडून सणाचा गुणक काढा

नवीन व्हिडिओला स्वतःचं "एरवी" नसतंच, तो सणासाठीच टाकलेला असतो. म्हणून सणाने किती ढकललं हे अशा व्हिडिओंना विचारायचं ज्यांना तुम्ही हातच लावलेला नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीचे तळणीचे मोदक, पंचखाद्य, ऋषीची भाजी, असे तीन-चार व्हिडिओ निवडा. सणाशी जोडलेले हवेत, दोन्ही वर्षी चॅनलवर असायला हवेत, आणि मधल्या काळात त्यांचं थंबनेल-टायटल बदललेलं नको. वरच्या यादीत बदल लिहून ठेवायला सांगितलं ते यासाठी.

ऋषीची भाजी घेतलीत तर तिचं शून्य ऋषिपंचमीला धरा, चतुर्थीला नाही, नाहीतर एक दिवस सरकलेला आकडा येईल.

आता प्रत्येकाचे उणे 7 ते अधिक 1 या दिवसांतले व्ह्यूज दोन्ही वर्षांचे काढा आणि यंदाचे भागिले गेल्या वर्षीचे करा. समजा तळणीचे मोदक 20,000 वरून 26,000 गेले, म्हणजे गुणक 1.3. पंचखाद्य 1.2, ऋषीची भाजी 1.45. या व्हिडिओंमध्ये तुम्ही वर्षभरात काहीही केलेलं नाही आणि तरी ते 20 ते 45 टक्के वाढले, म्हणजे एवढी वाढ फुकटची आहे: चॅनल मोठं झालं, शोधणारे वाढले, जे काही असेल ते.

सावधान: जुन्या व्हिडिओची लिंक नव्याच्या एंड स्क्रीनमध्ये दिली असेल तर तो बिघडला. ट्रॅफिक सोर्समध्ये `End screens` आणि `Suggested videos` बघा, तुमच्याच नवीन व्हिडिओतून जास्त लोक येत असतील तर तो यादीतून काढा.

गूगल ट्रेंड्सवर ताडून बघणं चांगलं, पण तिथे एक खड्डा आहे. दोन वर्षांचा आलेख मागितला की ट्रेंड्स रोजचा नाही, आठवड्याचा आकडा देतं, आणि आठवडा रविवारी सुरू होतो. 2024 ची चतुर्थी शनिवारी, म्हणजे आधीची सगळी शोधाशोध एकाच आठवड्यात बसली, 1 ते 7 सप्टेंबर. 2025 ची बुधवारी, त्यामुळे तीच शोधाशोध 17 ते 23 आणि 24 ते 30 ऑगस्ट अशा दोन आठवड्यांत वाटली गेली. नुसतं शिखर बघून "यंदा मोदकाला कमी मागणी होती, तरी आपले व्ह्यूज वाढले, म्हणजे व्हिडिओच भारी" असा निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत. चतुर्थी ज्यात आली तो आणि त्याच्या आधीचा, अशा दोन आठवड्यांची बेरीज करा. शिवाय वरच्या पट्टीत `YouTube Search` निवडा, तिथे मुळात वेब सर्च असतो. आणि `modak recipe`, `ukadiche modak`, `उकडीचे मोदक` अशी वेगवेगळी टाकून बघा, निम्मी जनता रोमनमध्येच टाइप करते. ट्रेंड्सचा आकडा एकूण शोधांमधला वाटा असतो, किती लोकांनी शोधलं ते नाही, त्यामुळे तो फक्त वर की खाली एवढ्यासाठीच वापरा, गुणक जुन्या व्हिडिओंचाच घ्या.

## स्टेप 4: अपेक्षित आकडा काढा आणि मग वय जुळवा

गेल्या वर्षीच्या उकडीच्या मोदकाच्या व्हिडिओला त्या नऊ दिवसांत 60,000 व्ह्यूज होते असं धरू. गुणक 1.2 ते 1.45, म्हणजे काहीही वेगळं न करता यंदा 72,000 ते 87,000 यायला हवे होते. आले 90,000. "दीडपट झाले" म्हणून पेढे वाटायचे होते, प्रत्यक्षात त्या अपेक्षित पट्ट्याच्या वर जेमतेम तीन हजार उरले.

आता अपलोडची तारीख बघा. गेल्या वर्षीचा व्हिडिओ चतुर्थीच्या पाच दिवस आधी टाकलेला, यंदाचा चौदा दिवस आधी. म्हणजे गेल्या वर्षीच्याला उणे 7 आणि उणे 6 हे दोन दिवस मिळालेच नाहीत, आणि सर्चमध्ये रुळायला वेळ पण मिळाला नाही. दोन्ही व्हिडिओ नीट चालू असलेले दिवस घ्यायचे तर उणे 3 ते 0 एवढेच उरतात. तिथे समजा गेल्या वर्षी 44,000 आणि यंदा 58,000. भागाकार साधारण 1.32. जुन्या व्हिडिओंचा गुणक याच चार दिवसांसाठी परत काढा (नऊ दिवसांचाच पुढे ओढू नका), तो 1.3 च्या आसपास आला तर उरलं काय? काहीच नाही. नवीन थंबनेल, नवीन एडिटिंग, नवीन कॅमेरा, सगळं मिळून आकड्यात दिसेल असा फरक शून्य. व्हिडिओ वाईट आहे असं यातून म्हणता येत नाही, गेल्या वर्षीपेक्षा चांगला आहे असंही म्हणता येत नाही, आणि फायदा झाला असलाच तर तो लवकर टाकण्याचा झाला. तेवढी गोष्ट मात्र पुढच्या वर्षी नक्की वापरा.

तपासा: जुन्या व्हिडिओंच्या गुणकांत आपापसात जेवढी तफावत आहे त्यापेक्षा तुमची उरलेली वाढ लहान असेल तर ती वाचूच नका. पट्टा 1.2 ते 1.45 एवढा रुंद असताना 3-4 टक्क्यांवरून थंबनेलची स्तुती करण्यात अर्थ नाही.

## स्टेप 5: सीटीआर वाढला? आधी तो फोडा

इथे हुशार लोकही फसतात. ते म्हणतात, व्ह्यूज सणाने वाढतात हे मान्य, पण सीटीआर तर टक्केवारी आहे, तो वाढला म्हणजे थंबनेल चांगलं. ऐकायला बरोबर वाटतं, पण एकदा सोर्सप्रमाणे मांडून बघा.

सणाआधीचा आठवडा: सर्चमधून 20,000 इंप्रेशन, सीटीआर 8 टक्के, म्हणजे 1,600 क्लिक. होमपेजवरून, म्हणजे `Browse features` मधून, 80,000 इंप्रेशन, सीटीआर 3 टक्के, 2,400 क्लिक. एकूण एक लाखावर 4,000, म्हणजे 4 टक्के.

सणाचा आठवडा: सर्च 1,50,000 इंप्रेशन, सीटीआर तोच 8 टक्के, 12,000 क्लिक. होमपेज 1,00,000, तोच 3 टक्के, 3,000 क्लिक. एकूण अडीच लाखावर 15,000, म्हणजे 6 टक्के.

सर्चवाल्याने पूर्वीइतकंच क्लिक केलं, होमपेजवाल्याने पूर्वीइतकंच क्लिक केलं, तरी एकूण सीटीआर 4 वरून 6 झाला. फक्त सर्चवाल्यांचं प्रमाण वाढलं, आणि जो स्वतः "मोदक" टाइप करून आलाय तो क्लिक करतोच. म्हणून एकूण सीटीआर सणात बघायचाच नाही. सर्चचा सर्चशी, होमपेजचा होमपेजशी, आणि तोही गेल्या वर्षीच्या त्याच उणे-अधिक दिवसांशी.

अ‍ॅव्हरेज व्ह्यू ड्युरेशनचं उलटं होतं. सणात ते बऱ्याचदा पडतं, कारण सकाळी घाईत असलेली बाई तुमची प्रस्तावना ऐकत नाही, सरळ उकडीच्या मिनिटावर उडी मारते, पाण्याचं प्रमाण बघते आणि बंद करते. व्हिडिओ कंटाळवाणा होता म्हणून ती गेली असं नाही, तिचं काम झालं. हेही सोर्सप्रमाणेच बघा.

## स्टेप 6: कमेंट मोजू नका, वाचा

सणात लाइक-कमेंट फुगतात त्यातला मोठा भाग "गणपती बाप्पा मोरया 🙏" असतो. भाव खरा आहे, पण तो बाप्पासाठी आहे, तुमच्या लाइटिंगसाठी नाही. शीटमध्ये कमेंट उतरवून `मोरया`, `morya`, `शुभेच्छा`, 🙏 असलेल्या वेगळ्या काढा आणि उरलेल्या हाताने तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग, "तुमच्या पद्धतीने केले, एकही फुटला नाही" छाप, करून बघितल्यावर लिहिलेल्या. दुसरा, प्रश्न. तिसरा, बाकी. पहिल्या ढिगाचं प्रमाण दर हजार व्ह्यूजला किती, ते गेल्या वर्षीच्या व्हिडिओशी त्याच दिवसांत लावा. माझ्या मते अख्ख्या सणातला हाच एक आकडा क्वालिटीच्या जवळ जातो, आणि त्यालाही मर्यादा आहे, ज्यांचे बिघडले ते बहुतेक काही न लिहिताच निघून जातात.

प्रश्नांचा ढीग तर सोनं आहे. "पाणी किती घ्यायचं", "पीठ जुनं असेल तर", "कळ्या करताना पारी चिरते" हे तेच तेच विचारलं जात असेल तर व्हिडिओत ते नीट आलेलं नाही, व्ह्यूज कितीही असोत. वाटीला वाटी पाणी असं तोंडाने सांगितलं पण स्क्रीनवर लिहिलं नाही, की हा प्रश्न येणारच.

## स्टेप 7: निकाल कधी लावायचा

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नाही. पितृपक्षात सगळ्यांचेच आकडे पडलेले असतात, तेव्हा "रिच मेला" म्हणून नवीन फॉरमॅट फेकून देणं ही सणातल्या चुकीचीच दुसरी बाजू.

सणात आलेल्या नवीन लोकांपैकी किती परत आले हे `Audience` टॅबमध्ये नवीन, अधूनमधून येणारे आणि नेहमीचे प्रेक्षक अशा विभागणीतून दिसतं, पण तेही थोडं थांबून बघा, नवरात्र-दिवाळीत परत येणारे पुन्हा सणासाठीच आलेले असतात. त्यापेक्षा सणाशी काडीचा संबंध नसलेला एखादा व्हिडिओ, भरली वांगी म्हणा, आमटी म्हणा, त्याच नवीन थंबनेल-एडिटिंगने दिवाळी उरकल्यावर टाका. सोबत जुन्या पद्धतीचाही एक टाका, दोन्ही एकाच वाराला, एकाच वेळेला, आठवड्याच्या अंतराने. असे दोन-तीन जोड झाले की होमपेजचा सीटीआर आणि पहिल्या 30 सेकंदांत किती जण टिकले एवढंच ताडा. प्रत्येक जोडीत नवीनच पुढे असेल तर ते ठेवा. एकदा हे, एकदा ते असं होत असेल तर ज्याला एडिटिंगला कमी वेळ लागतो ते ठेवा. आणि डिसेंबर संपायच्या आत हे उरका, जानेवारीत संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या सुरू झाल्या की पाया परत हलतो.